दोन वरिष्ठांच्या भांडणात मध्ये सापडल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आमच्याकडे इलेक्ट्रिकल पॅनल बनतात. स्टोअर ही जागाच अशी आहे की खरेदी, अकाउंट्स, प्रॉडक्शन या सगळ्यांची भांडणं शेवटी तिथल्या कागदावर येऊन थांबतात. ऑफिसात नवीन आलेली मुलं-मुली जेवणाच्या सुट्टीत मला जे विचारतात, ते इथे एकदाच लिहून ठेवते आहे. सोयीसाठी दोन वरिष्ठांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणते. सर खरेदीचे, मॅडम अकाउंट्सच्या.

दोघांनीही मला वेगवेगळं गाठून ‘तू माझ्याच बाजूने आहेस ना?’ असं विचारलं. काय बोलायचं?

आधी काय बोलायचं नाही ते सांगते, कारण चूक तिथेच होते. ‘बघते’ म्हणायचं नाही. मराठी ऑफिसात ‘बघते सर’ याचा अर्थ ‘करते’ असाच घेतला जातो. समोरचा मोठा माणूस असला की आपण ‘नाही’ न म्हणता ‘बघते’ म्हणतो. आपल्या मनात ती टाळाटाळ असते, त्याच्या मनात ते वचन होऊन बसतं. ‘हं’, ‘हो ना’, ‘खरंय तुमचं’ यांचंही तेच. दुसऱ्या दिवशी तुमच्या नावाने गावभर फिरतं, ‘ती पण तेच म्हणत होती.’

मी स्वतः वापरते ते वाक्य साधं आहे: ‘सर, माझ्याकडे जे कागद आहेत ते मी तुम्हाला आणि मॅडमना एकदमच देते. काय ठरवायचं ते तुम्ही दोघं ठरवा.’ याला ‘म्हणजे तू तिच्या बाजूने’ असं उत्तर येऊ शकतं. आलं तर तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात म्हणायचं. नवी कारणं जोडायची नाहीत, कारण प्रत्येक नव्या कारणावर वाद घालायला समोरच्याला जागा मिळते.

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं होतं?

हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं यातूनच येतात.

मार्च अखेर होती. वापीहून कॉपर बसबारचा, म्हणजे पॅनलमध्ये बसणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांचा, ट्रक यायचा होता. तो हायवेवर अडकला आणि ३१ मार्चला रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी आमच्या गेटवर लागला. वॉचमनने इनवर्ड रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, चलन नंबर आणि वेळ लिहिली. माल उतरवणारे माथाडी तोवर निघून गेले होते, त्यामुळे गाडी रात्रभर आवारात उभी राहिली. १ एप्रिलला सकाळी माल उतरला आणि वजन झालं. २ एप्रिलला क्यूसीने, म्हणजे माल तपासणाऱ्यांनी, पास केला. आमच्याकडे क्यूसी झाल्याशिवाय जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, काढत नाहीत. त्यामुळे रिवाजाप्रमाणे जीआरएनची तारीख २ एप्रिल.

सरांना जीआरएन ३१ मार्चच्या तारखेने हवा होता. त्या प्रोजेक्टचं बजेट ३१ ला संपत होतं आणि ऑर्डर पुढच्या वर्षात गेली असती तर त्यांना नव्याने मंजुरी घ्यावी लागली असती. मॅडमना तो ३१ च्या तारखेने अजिबात नको होता, कारण त्यांनी वर्षअखेरचे आकडे आधीच वर पाठवले होते आणि एवढं मोठं देणं त्यात मागून घुसवायचं म्हणजे पुन्हा सगळं उघडायचं. दोघांचं आधीपासूनच पटत नव्हतं, ट्रक हे निमित्त झालं. आणि आमच्या सिस्टीममध्ये ५ एप्रिलपर्यंत मागची तारीख टाकून जीआरएन काढायची सोय फक्त स्टोअरच्या लॉगिनला होती. म्हणजे माझ्या.

सरांनी २ तारखेला सकाळी केबिनमध्ये बोलावलं. ‘गाडी ३१ लाच आली ना? मग झालं तर. तारीख टाक.’ मी म्हटलं, ‘बघते सर.’ संध्याकाळी घरी जाताना मॅडम म्हणाल्या, ‘बॅक डेटमध्ये काही करायचं नाही हं, ऑडिटर तुलाच विचारेल.’ मी म्हटलं, ‘बरोबर आहे मॅडम तुमचं.’ एका दिवसात दोघांना होकार देऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘स्टोअर तयार आहे, अकाउंट्स अडवतंय.’ आणि मॅडमनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

मग यातून सुटलात कशा?

मी तारीख निवडलीच नाही. माझ्याकडे एक नाही, तीन तारखा होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. त्या मी एका मेलमध्ये लिहिल्या. ‘टू’मध्ये दोघांची नावं, एकाला ‘सीसी’त टाकलं नाही. मजकूर साधारण असा होता:

‘सर, मॅडम, नमस्कार. बसबारची गाडी गेटवर आली ३१ मार्च, रात्री ८.४० (इनवर्ड रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला आहे). माल उतरला आणि वजन झालं १ एप्रिल. क्यूसी पास २ एप्रिल. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे जीआरएन क्यूसीच्या तारखेने, म्हणजे २ एप्रिलने काढते आहे. वर्षअखेरच्या हिशोबासाठी यातली कोणती तारीख धरायची हे आपण दोघांनी ठरवून कळवावं. वेगळी पद्धत वापरायची असेल तर दोघांचं लेखी उत्तर मिळाल्यावर बदल करेन. २ तारखेला मी दोघांनाही तोंडी जे बोलले ते घाईत बोलले होते, ते धरू नये.’

शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण त्याशिवाय बाकीचा मेल फुकट गेला असता, कारण दोघांच्याही खिशात माझा एकेक ‘हो’ होताच.

या मेलमध्ये मत नाही आणि विशेषणही नाही. ‘गाडी वेळेवर आली नाही’ असं मी लिहिलं नाही, कारण त्यात सरांच्या सप्लायरवर ठपका येतो. ‘गाडी ३१ लाच आली होती’ असंही लिहिलं नाही. त्या ‘च’मध्ये सरांची बाजू येते. मराठीत एका ‘च’ने किंवा ‘पण’ने माणूस गटात जातो. असा मेल पाठवण्याआधी सगळे ‘च’, ‘तर’, ‘फक्त’, ‘मुळात’ शोधून काढून टाकते, ही सवय मला तेव्हापासून लागली.

म्हणजे तटस्थ राहायचं तर मत द्यायचंच नाही का?

आपल्या टेबलावरच्या गोष्टीबद्दल तटस्थ राहताच येत नाही. गाडी किती वाजता आली, वजन किती भरलं, कोणी सही केली, हे विचारलं तर सांगायचं. एखाद्याला ते गैरसोयीचं असेल म्हणून गप्प बसणं ही दुसऱ्याला केलेली मदत झाली.

कामाबद्दलचं मत विचारलं तर तेही द्यावं, पण दोघांसमोर किंवा दोघांना लिहून, आणि आपल्या कामापुरतं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जड माल मागवूच नये, उतरवायला माणसं मिळत नाहीत. हे मत सरांना झोंबलं असतं. पण ते स्टोअरचं मत आहे, मॅडमच्या गटाचं नाही.

माणसाबद्दलचं मत मात्र कोणालाच द्यायचं नाही. ‘सर जरा हट्टीच आहेत नाही?’ हा प्रश्न नसतो, ते आमंत्रण असतं. त्यावर मी सरळ दुसरा विषय काढते. विषय काढता आला नाही तर ‘त्यांचं मला काय माहीत’ म्हणते आणि डब्याचं झाकण लावते.

दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि माझ्यामार्फत निरोप धाडतात. ‘त्यांना सांग ना जरा’ म्हटल्यावर नाही कसं म्हणू?

निरोप्याचं काम स्वीकारू नका. निरोप कधीच जसाच्या तसा पोहोचत नाही. सर म्हणाले, ‘तिला विचार, पेमेंट कधी करणार आहे.’ तुम्ही ते सौम्य करून सांगता आणि मॅडमना वाटतं घाई नाही. कडक करून सांगितलं तर तुम्हीच भांडण लावलं. दोन्हीकडून मार.

‘सर, मी सांगितलं तर त्यात माझी भर पडेल. मी तुमच्या नावाने आत्ता मेलचा मसुदा करून देऊ का? तुम्ही नुसतं पाठवा.’ असं मी म्हणते. गंमत म्हणजे लिहून पाठवायची वेळ आली की निम्मे निरोप तिथेच विरतात. तोंडी बोलायला जे जोरदार वाटत होतं ते स्वतःच्या नावाखाली वाचवत नाही.

दोघांनी मला एकाच वेळी उलटसुलट कामं सांगितली तर?

आपण स्वतः क्रम लावला की आपण बाजू घेतली, एवढं लक्षात ठेवा. समजा, एकाचं काम दोन तासांचं आहे आणि दुसऱ्याचं चार तासांचं, आणि दोन्ही आज संध्याकाळपर्यंत हवी आहेत. दोघांना एकाच मेलमध्ये लिहा: ‘माझ्याकडे आज पाच तास आहेत. दोन्ही कामं मिळून सहा तासांची आहेत. आधी कोणतं घेऊ? साडेबारापर्यंत कळलं नाही तर जे आधी आलं ते आधी घेते.’ शेवटचा नियम आधीच सांगून ठेवला की गप्प बसण्याची जबाबदारी त्यांची होते.

आमचा परतीचा प्रवास एकत्र आहे. रोज गाडीत हाच विषय निघतो.

मुंबईत तुमचा गट बऱ्याचदा रेल्वेची लाइन ठरवते. सर बोरिवलीचे. मॅडम डोंबिवलीच्या, मी मुलुंडची. मरोळ नाक्याला मेट्रो पकडायची, घाटकोपरला उतरून लोकल. म्हणजे रोज पाऊण-एक तास मी मॅडमबरोबर, लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर अर्धी टेकून. सरांना साहजिकच वाटायचं की तिथे खलबतं चालतात. खरं सांगायचं तर थोडीफार चालायचीही.

प्रवास मी तोडला नाही. अचानक वेगळ्या गाडीने जायला लागलं की तेही दिसतं, आणि मॅडमनी मला आजारपणात खूप मदत केलेली आहे. फक्त एकदा घाटकोपरच्या पुलावर त्यांना म्हटलं, ‘मॅडम, ऑफिसातलं ते प्रकरण आपण गाडीत नको बोलूया. मला उद्या सरांसमोर उभं राहायचं असतं, मग माझ्या तोंडावर दिसतं.’ त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी मुलाच्या दहावीचं बोलायला लागल्या.

आणि मग सरांकडेही थोडा वेळ काढायला लागले. अकराच्या चहाला पाच मिनिटं त्यांच्या टेबलाशी थांबायचं, क्रिकेटचं काहीतरी. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, त्यांना ते कळतं, तरीही चालतं. तटस्थ माणसाने दोघांपासून लांब राहावं असं लोक सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. लांब गेलं की दोघंही तुम्हाला दुसऱ्याचा माणूस समजतात.

व्हॉट्सॲपचं काय?

भांडणाबद्दलच्या मेसेजला अंगठा, हसरा चेहरा, काहीही टाकू नका. तो अंगठा तुम्ही ‘वाचलं’ म्हणून दिलेला असतो, पण स्क्रीनशॉटमध्ये तो ‘मान्य’ म्हणून दिसतो. उत्तर द्यावंच लागलं तर ‘हे मेलवर पाठवाल का, मला रेकॉर्डला लागेल.’

एकाच्या हातात माझं अप्रेझल आहे. तरीही तटस्थ राहू शकते का?

पूर्ण नाही. तुम्ही ज्यांना रिपोर्ट करता त्यांनी सांगितलेलं रोजचं काम करावं लागतंच, त्याला बाजू घेणं म्हणत नाहीत. ही गोष्ट दुसऱ्या वरिष्ठांना आधीच, शांतपणे सांगून टाकावी: ‘मी त्यांच्या हाताखाली आहे, त्यांनी सांगितलेलं काम मी करणार. पण तुमच्याबद्दल माझ्याकडून काही जाणार नाही.’ बहुतेकांना हे कळतं. त्यांनीही कोणाच्या तरी हाताखाली वर्षं काढलेली असतात.

साहेबांनी कामाच्या पलीकडचं मागितलं, म्हणजे दुसऱ्याच्या चुकांची यादी काढ, त्याच्या टीममध्ये काय चाललंय ते सांग, तर ‘हे लेखी सांगाल का’ एवढंच विचारा. लेखी येत नाही. पण मनात डूख राहू शकतो, आणि त्या वर्षीची वाढ थोडी कमी येऊ शकते. या प्रश्नाला बिनखर्चाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मी आधीच एका बाजूला झुकले आहे हे कसं ओळखू?

तुमचे ‘सेंट’ मेल उघडा. भांडणाच्या विषयावर एकालाच गेलेले मेल किती आहेत ते मोजा. दुसरी खूण म्हणजे एकाने केबिनमध्ये शिरल्यावर तुम्ही बोलणं थांबवता का. तिसरी, आणि मला वाटतं सगळ्यात खात्रीची: एकजण तुम्हाला दुसऱ्याबद्दलची बातमी न मागता आणून द्यायला लागतो. ज्याला तुम्ही त्याचे वाटत नाही तो असं करत नाही.

दोघांमध्ये समेट घडवायचा प्रयत्न करू का?

नको. वयाने, हुद्द्याने लहान माणसाने समेट घडवला तर दोघांनाही ते लागतं. चहाला एकत्र बोलावण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत. चहा थंड होतो.

तटस्थ राहणं कुठे चुकीचं?

सही खोटी मारायला सांगितली, नोंद बदलायला सांगितली, सुरक्षेची गोष्ट दाबायला सांगितली, तिथे दोन बाजू नसतातच. सरांनी मेलनंतरही मला मागच्या तारखेचा जीआरएन काढायला लावलं असतं तर मी नकार दिला असता आणि तो मॅडमचा विजय म्हणून मोजला गेला असता तरी चाललं असतं.

दुसरी गोष्ट लैंगिक छळाची. दोन वरिष्ठांमधला ‘वाद’ प्रत्यक्षात तसा असेल, तर तिथे ‘मला मध्ये पडायचं नाही’ हे वाक्य त्या बाईच्या विरोधात जातं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार लेखी आणि साधारणपणे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत करायची असते, समिती कारण पाहून मुदत वाढवू शकते. तुम्ही काही पाहिलं असेल तर समितीसमोर सांगा आणि बाहेर कुठेही सांगू नका. चौकशीतली माहिती गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

एचआरने बोलावून ‘काय चाललंय?’ विचारलं तर?

स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं सांगा, तारखेसह. ‘सगळे म्हणतात’ने सुरू होणारं एकही वाक्य बोलू नका. ‘चूक कोणाची?’ असं विचारलं तर ‘ते मी ठरवण्याच्या जागेवर नाही’ म्हणा. बाहेर आल्यावर दोघांपैकी कोणीही ‘काय विचारलं?’ म्हणेलच. दोघांना शब्दशः एकच उत्तर द्या. मी आत जायच्या आधीच ते ठरवून जाते.

त्या ट्रकचं शेवटी काय झालं?

तीन दिवस मेलला कोणाचंच उत्तर आलं नाही. सर माझ्याशी कामापुरतं बोलत होते, मॅडम गाडीत खिडकीबाहेर बघत होत्या. जीआरएन मी २ एप्रिलने काढला. मग ऑडिट सुरू झालं. ऑडिटरने वर्षअखेरच्या शेवटच्या आणि एप्रिलच्या पहिल्या काही जीआरएनच्या फाइल मागवल्या, ते दरवर्षीच मागवतात. त्यांनी गेटचं रजिस्टर पाहिलं, मग ऑर्डरची अट पाहिली. माल आमच्या गेटपर्यंत पोचवून द्यायचा आणि उतरवणं आमच्याकडे, अशी ती अट होती. त्यावरून त्यांनी ठरवलं की ३१ मार्चला माल आमचा झाला होता, तेव्हा तो ‘तपासणी बाकी’ म्हणून साठ्यात आणि सप्लायरचं देणं म्हणून हिशोबात त्याच वर्षी दाखवायचा. जीआरएनची तारीख मात्र २ एप्रिलच राहू दिली, ती बदलली असती तर प्रश्न विचारला असता असंही म्हणाले.

सरांना वर्ष मिळालं, मॅडमना न बदललेला कागद मिळाला, आणि दोघांनाही आपण हरलो असं वाटलं. मॅडमना आकडे पुन्हा उघडावे लागले आणि त्या आठवड्यात आम्ही शेवटच्या गाड्यांनी घरी गेलो.

त्यांचं आजही जमत नाही. पण पुढच्या वर्षी सरांनी बसबार २४ मार्चला मागवला, आणि चलनाची झेरॉक्स न मागता माझ्या आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायला माणूस पाठवला.